शोध अहवालाचे वाचन (मराठवाडा)

जमीन किंवा जागा विकत घेण्याआधी वकील तिच्या कागदपत्रांचा तपास करून लेखी मत देतो, त्याला शोध अहवाल म्हणतात. व्यवहारात सगळे त्याला ‘सर्च रिपोर्ट’च म्हणतात. कारखाना, गोदाम किंवा सौरप्रकल्पासाठी जागा घेणाऱ्या कंपनीकडे तो येतो तेव्हा कोणीतरी बसून त्यातून तीन गोष्टी वेगळ्या काढतो: जागेची चतुःसीमा, मालकीची साखळी आणि तिच्यावरचे बोजे. अहवालात या तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी असतात. सीमा शेवटच्या परिशिष्टात, साखळी मधल्या परिच्छेदांत, बोजे ‘इतर हक्क’ आणि दुय्यम निबंधकांकडच्या शोधाच्या निष्कर्षात. म्हणून काढणाऱ्याचे खरे काम उतरवून घेण्याचे नसते. तिन्ही गोष्टी जमिनीच्या त्याच तुकड्याबद्दल बोलतात की नाही, हे त्याला ताडून पाहायचे असते.

मराठवाड्यात साखळीची सुरुवात सहसा १९५४-५५ च्या, म्हणजे १३६४ फसलीच्या, खासरा पत्रकापासून, म्हणजे त्या वर्षीच्या मालक-कब्जेदारांच्या शेतवार नोंदीपासून, धरतात. हा भाग तेव्हा हैदराबाद राज्यात होता. त्याआधीचे कागद बहुधा उर्दूत आणि फसली सनाचे असतात. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. खासरा पत्रकात जमीनमालक आणि प्रत्यक्ष कब्जेदार यांची नावे वेगळी असू शकतात. कब्जेदार जर संरक्षित कूळ असेल तर १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने त्याला मालकी मिळालेली असण्याचा संभव असतो. खासऱ्याऐवजी १९८० च्या सातबाऱ्यापासून सुरू होणारी साखळी नीट दिसते, पण तिचे मूळच हरवलेले असते.

एक रचलेले उदाहरण घेऊ. जालना जिल्ह्यातल्या एका गावचा गट क्रमांक २१४, जुना सर्वे नंबर ८७/२, एकूण क्षेत्र ४ हेक्टर ८६ आर, म्हणजे बारा एकर. कंपनीला त्यातले १ हेक्टर ६२ आर घ्यायचे आहे. अहवालाच्या शेवटी वकिलांनी लिहिले आहे: ‘मिळकत निर्वेध व बोजामुक्त असून विक्रीयोग्य आहे.’

साखळी उतरवताना तक्ता असा लागतो. खासऱ्यात कब्जेदार म्हणून एक शेतकरी. पुढे त्याच्या नावे कूळ म्हणून मालकीचे प्रमाणपत्र. १९७९ मध्ये तो वारला आणि वारस फेरफाराने तीन मुलांची नावे लागली. १९८५ मध्ये वाटणीचा फेरफार होऊन प्रत्येकाला १ हेक्टर ६२ आर. २०११ मध्ये थोरल्याने आपला हिस्सा तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याला नोंदणीकृत खरेदीखताने विकला, आणि आता तोच शेतकरी विकतो आहे. वाचताना सगळे सुरळीत वाटते. पण प्रत्येक दुव्यासमोर ‘कशाने?’ असा एक रकाना ठेवला की दोन ठिकाणी हात अडखळतो.

पहिले ठिकाण १९७९. मृताला दोन मुलीही होत्या, हे फेरफाराच्या जबाबातूनच कळते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वारस आहेच, तरी तिचे नाव लागलेले नाही आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा उल्लेख नाही. ‘बहिणींनी तोंडी हक्क सोडला’ हे वाक्य आपल्याकडे घराघरांत ऐकू येते, पण त्याने हक्क सुटत नाही. फेरफार ही महसुलासाठीची नोंद आहे. तिने मालकी निर्माण होत नाही. दुसरे ठिकाण २०११. कुळाला कायद्याने मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, अशी अट त्या कायद्याच्या कलम ५०-ब मध्ये होती. ही अट काही शर्तींवर नंतर शिथिल झाली, पण हे खरेदीखत त्याआधीचे आहे. अहवालात प्रमाणपत्राचा उल्लेख आहे, परवानगीचा नाही. तक्त्यात हे ‘कागद नाही’ असे लिहायचे. ‘अडचण नाही’ असे लिहायचे नाही.

आता सीमा. परिशिष्टात लिहिले आहे: पूर्वेस गट २१५, पश्चिमेस शिवरस्ता, उत्तरेस गट २१०, दक्षिणेस ‘मधल्या भावाची जमीन’. ही ओळ २०११ च्या खरेदीखतातून जशीच्या तशी उचललेली असते, त्यामुळे तिला तारीख असते. मधल्या भावाने आपली जमीन १९९८ मध्येच विकली होती. म्हणजे २०११ च्या खतातली दक्षिण सीमा तेव्हाही चुकीची होती. जुन्या कागदावरून ती कोणीतरी नुसती उतरवून घेतली असणार. म्हणून शेजारच्या तुकड्याचे खत काढायचे आणि त्यातली उत्तर सीमा वाचायची. १९९८ च्या खतात ती आहे ‘ओढा’. एका खताने ओढा सीमेवर ठेवला आहे, दुसऱ्याने त्याचे नावही घेतलेले नाही. सातबाऱ्यावर १ हेक्टर ५० आर लागवडीयोग्य आणि १२ आर पोटखराबा वर्ग ‘ब’ अशी फोड आहे. वर्ग ‘ब’ म्हणजे ओढा, रस्ता यांसारख्या सार्वजनिक कामाकडे गेलेले क्षेत्र. ओढ्याचा पट्टा या १२ आरमध्येच मोडत असण्याची शक्यता मोठी. तसे असेल तर कंपनी १ हेक्टर ६२ आरचे पैसे देऊन १ हेक्टर ५० आर वापरायला घेते.

यापुढची अडचण जास्त खोल आहे. गटाची वाटणी फेरफारात झाली, पण मोजणी करून पोटहिस्से पाडलेले नाहीत. सातबारा अजून सामाईकच आहे. तिथे १ हेक्टर ६२ आर हा नावापुढचा आकडा आहे. जमिनीवर त्याची जागा ठरलेली नाही. त्यामुळे चतुःसीमेला आधार उरतो तो फक्त वहिवाटीचा. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी होऊन तिच्या नकाशाची ‘क’ प्रत हाती येईपर्यंत सीमेचा रकाना रिकामा समजावा.

बोजा इथूनच अंगावर येतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत २००९ चा एक फेरफार आहे: धाकट्या भावाचा गावच्या सेवा सहकारी सोसायटीला दिलेला इ-करार. सभासद कर्ज घेताना जमिनीवर भार असल्याचे लिहून देतो आणि १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४८ ने तो भार लागू होतो. नोंदीत फक्त ‘गट २१४’ असे आहे, कोणाच्या हिश्शावर ते लिहिलेले नाही. तुकडा पाडलेला नसल्याने हा भार थोरल्याच्या हिश्शावर नाही असे छातीठोकपणे सांगता येत नाही. सोसायटीकडून इ-कराराची नक्कल मागवली तर कोणते क्षेत्र लिहून दिले ते कळते. कर्ज फिटले असेल तर बेबाकी दाखला घेऊन नोंद कमी करून घ्यावी लागते.

मग वकिलांनी ‘बोजामुक्त’ कसे लिहिले? त्यांचा ३० वर्षांचा शोध सूची क्रमांक २ चा आहे, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांचा. इ-करार त्यात सापडेलच असे नाही. मालकीचे कागद ठेवून घेतलेले बँकेचे तारणही २०१३ पूर्वीचे असेल तर त्या सूचीत बहुधा दिसत नाही. नोंदणी कार्यालयाला त्याची सूचना देणे राज्यात त्या वर्षापासून बंधनकारक झाले. शेवटचे वाक्य खोटे नसते. ते कुठे पाहून लिहिले आहे तेवढ्यापुरते खरे असते. म्हणून बोज्याच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला ‘कुठे पाहिले’ असा रकाना हवा: सूची दोन, सातबारा, सोसायटी, दिवाणी न्यायालय. ज्या रकान्यात पाहिलेच नाही तिथे ‘निरंक’ लिहू नये. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि खरेदीखताचा मसुदा करणारा वकील निरंक म्हणजे तपासलेले असेच धरून चालतो.

उदाहरणातल्या कंपनीला बयाणा देण्याआधी चार गोष्टी विक्रेत्याकडे मागाव्या लागतील: दोन्ही बहिणींचे किंवा त्यांच्या वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र, २०११ च्या विक्रीची परवानगी किंवा ती नियमित केल्याचा आदेश, सोसायटीची बेबाकी आणि मोजणीचा नकाशा. यांतला नकाशा सर्वांत आधी मागवलेला बरा. ओढा कोणाच्या बाजूला पडतो हे कळल्यावर कधी कधी भावच बदलतो.