प्रकल्प नामंजुरीची टिपणी (नफा दिसतो, पण निव्वळ वर्तमान मूल्य ऋण)

हिशेबात नफा दाखवणारा, पण निव्वळ वर्तमान मूल्य ऋण असलेला प्रकल्प नाकारावा, अशी शिफारस करणारी टिपणी वित्त विभाग संचालक मंडळापुढे ठेवतो. प्रकल्पातून पुढे येणाऱ्या रोख रकमा भांडवलाच्या खर्चाच्या दराने आजच्या किमतीत आणून त्यांतून गुंतवणूक वजा केली की निव्वळ वर्तमान मूल्य मिळते. अशा टिपणीचे खरे काम हे मूल्य सांगण्यापुरते नसते. ज्या संचालकांनी आधीच नफ्याचा आकडा पाहिला आहे, त्यांना दोन्ही आकडे एकाच वेळी खरे कसे असू शकतात हे तिने दाखवावे लागते.

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल विणणारा एक कारखाना उदाहरणादाखल घेऊ. जुन्या यंत्रमागांच्या जोडीला नवे रॅपिअर माग बसवण्याचा प्रस्ताव आहे. मागांना १० कोटी रुपये लागतील. शिवाय सूत रोखीने घ्यावे लागते आणि टॉवेलचे पैसे उधारीवर सुटतात, म्हणून १ कोटीचे खेळते भांडवल अडकेल. ते पाचव्या वर्षाअखेर मोकळे होईल. मागांचे आयुष्य ५ वर्षे आणि भंगारमूल्य शून्य धरले आहे. दरवर्षी २.६० कोटी रोख येईल, त्यातून २ कोटी घसारा वजा केल्यावर ६० लाख नफा उरेल, म्हणजे पाच वर्षांत ३ कोटी. सोपेपणासाठी आयकर येथे बाजूला ठेवला आहे.

निम्मे भांडवल ९ टक्क्यांच्या कर्जाचे आणि निम्मे १५ टक्के परतावा अपेक्षिणाऱ्या भागधारकांचे असेल, तर भांडवलाचा सरासरी खर्च १२ टक्के पडतो. या दराने पाच वर्षांच्या रोख रकमांची आजची किंमत सुमारे ९.३७ कोटी आणि परत मिळणाऱ्या खेळत्या भांडवलाची ५७ लाख होते. गुंतवणूक मात्र ११ कोटी आहे. निव्वळ वर्तमान मूल्य उणे १.०६ कोटी.

तफावतीचे मूळ असे, की नफा-तोटा पत्रकात बँकेचे व्याज खर्च म्हणून पडते, पण भागधारकांच्या पैशाचा मोबदला कुठेच पडत नाही. पहिल्या वर्षी ५.५० कोटी कर्जावर ४९.५ लाख व्याज भरूनही साडेदहा लाख नफा शिल्लक दिसतो. भागधारकांच्या तितक्याच रकमेवर मात्र ८२.५ लाख मिळायला हवे होते. म्हणून टिपणीत ‘प्रकल्प तोट्याचा आहे’ असे लिहू नये. ते चूक आहे, आणि लेखापाल संचालक ते लगेच खोडून काढील.

त्याऐवजी दोन आकड्यांचा मेळ घालून दाखवावा. प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला पुस्तकी किमतीने जेवढे भांडवल गुंतलेले असते, त्याचे १२ टक्के त्या वर्षीच्या व्याजापूर्व नफ्यातून वजा करायचे. गुंतलेले भांडवल अनुक्रमे ११, ९, ७, ५ आणि ३ कोटी असल्याने वजाबाकीनंतर पहिल्या तीन वर्षांत उणे ७२, उणे ४८ आणि उणे २४ लाख, चौथ्या वर्षी शून्य आणि पाचव्या वर्षी अधिक २४ लाख राहतात. हे आकडे त्याच दराने आजच्या किमतीत आणले की बेरीज नेमकी उणे १.०६ कोटी येते. ती जुळली नाही, तर गणितात कुठेतरी चूक आहे. बहुतेक वेळा रोख रकमेतून व्याज आधीच वजा करून वर १२ टक्क्यांची कात्री लावलेली असते, म्हणजे कर्जाचा खर्च दोनदा धरला जातो. किंवा खेळते भांडवल मुळात विसरलेले असते.

मंडळाला ‘मग किती हवे?’ याचे उत्तरही लागते. येथे दरवर्षीची रोख आवक सुमारे २.८९ कोटी झाली, तर मूल्य शून्यावर येते; म्हणजे सध्याच्या अंदाजापेक्षा २९ लाखांची वाढ हवी. सध्याच्या आकड्यांवर प्रकल्पाचा स्वतःचा परतावा सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास आहे, जो कर्जाच्या दरालाही पुरत नाही. याउलट ६० लाख नफ्याला मागांच्या सरासरी पुस्तकी किमतीने, म्हणजे ५ कोटींनी भागले, तर नेमके १२ टक्के येतात. प्रस्तावकांचा भर सहसा याच आकड्यावर असतो. त्यात खेळते भांडवल नाही, आणि पहिल्या वर्षाचा रुपया व पाचव्या वर्षाचा रुपया तो एकाच भावाने मोजतो.

शिफारस कोणत्या अटीवर बदलेल हेही टिपणीत स्पष्ट असावे. वस्त्रोद्योगात ही अट अनेकदा अनुदानाची असते. समजा १.५० कोटी अनुदान दुसऱ्या वर्षाअखेर हाती आले, तर त्याची आजची किंमत सुमारे १.२० कोटी होते आणि प्रकल्प मंजुरीयोग्य ठरतो. तेच चौथ्या वर्षाअखेर आले, तर किंमत ९५ लाखांवर येते आणि मूल्य ऋणच राहते. अशा वेळी शिफारस ‘आज नामंजूर, अनुदानाचा लेखी मंजुरी आदेश आणि रक्कम मिळण्याची तारीख हाती आल्यावर फेरविचार’ अशी लिहितात, आणि इतिवृत्तात ती अटीसह नोंदवली जाते.