कंपनीची कुंडली : जन्मवेळ कुठली धरायची या वादाची पार्श्वभूमी

माणसाची कुंडली आणि कंपनीची कुंडली यांचं गणित एकच आहे. ग्रह तेच, राशी त्याच, लग्न, म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, काढायची पद्धतही तीच. खरा फरक सुरुवातीलाच पडतो, तो जन्मवेळेवरून. माणसाच्या बाबतीत पहिला श्वास धरायचा की नाळ कापली तो क्षण, असा वाद आहे खरा, पण तो काही मिनिटांचा. कंपनीत हाच वाद काही महिन्यांचा, कधीकधी वर्षांचा होतो, कारण कागद भरले एका दिवशी, सर्टिफिकेट निघालं दुसऱ्या दिवशी, पहिलं बिल फाडलं तिसऱ्याच महिन्यात आणि शेअर बाजारात आली त्यानंतर तीन वर्षांनी. यातला जन्म कुठला?

जुन्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण तेव्हा वेळ शोधायची नसायची, निवडायची असायची. आपल्याकडे मुहूर्त, ग्रीकांकडे पहिल्या शतकापासून कार्यारंभाच्या वेळेवर वेगळी प्रकरणं लिहिलेली आहेत. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बगदाद शहराची पायाभरणी. खलिफाच्या ज्योतिषांनी 762 साली जुलैअखेरची दुपारची वेळ काढून दिली, धनु लग्न आणि लग्नात गुरू, आणि ती कुंडली पुढे इ.स. 1000 च्या सुमाराच्या एका ग्रंथात टिकून राहिली म्हणून आज आपल्याला माहीत आहे. 10 ऑगस्ट 1675 ला ग्रीनिचच्या वेधशाळेची पायाभरणी झाली तेव्हा तिथल्या पहिल्या खगोलशास्त्रज्ञानं स्वतःच त्या क्षणाची कुंडली मांडून ठेवली आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं, मित्रांनो, हसू आवरतंय का? म्हणजे संस्थेची कुंडली मांडायची रीत होतीच, तिची टिंगलही होती. पण दोन्हीकडे क्षण ठरलेला होता, पायाभरणीचा. मुहूर्त काढणाऱ्याला वेळ निवडायचं स्वातंत्र्य असतं, आणि कंपनीची कुंडली वाचणाऱ्याला नेमकं तेच नसतं, त्याच्या पुढ्यात वेळ दुसऱ्याच कुणीतरी, बहुतेक वेळा एखाद्या क्लार्कनं, नकळत ठरवून ठेवलेली असते.

खरा गुंता सुरू झाला एकोणिसाव्या शतकात. त्याआधी इंग्लंडात कंपनी काढायची म्हणजे राजाची सनद हवी नाहीतर पार्लमेंटचा खास कायदा. 1844 च्या कायद्यानं रजिस्ट्रेशन आलं आणि तेही दोन टप्प्यांत, आधी तात्पुरतं मग पूर्ण, 1856 मध्ये ते एका टप्प्यावर आणलं. कागद दाखल करा, सर्टिफिकेट घ्या, झाली कंपनी. ज्योतिषाच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट होती कारण पहिल्यांदाच धंद्याला कायद्यानं स्वतंत्र 'व्यक्ती' म्हणून जन्मतारीख मिळाली. तारीख मिळाली, वेळ नाही मिळाली, आणि सगळं रामायण तिथून पुढे आहे.

यातला एक खटला फार बोलका आहे. इंग्लंडातल्या एका कापड गिरणी कंपनीचे कागद 6 जानेवारी 1920 ला दाखल झाले, सर्टिफिकेटवर तारीख 6 चीच पडली, पण त्यावर सही झाली 8 ला. मधल्या काळात शेअर वाटून झाले होते, म्हणून प्रश्न आला की शेअर वाटले तेव्हा कंपनी होती का. 1924 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं सांगितलं की सर्टिफिकेटवरची तारीख अंतिम, सही केव्हा का होईना, कंपनी 6 तारखेपासूनच अस्तित्वात. पुढे कायद्याच्या पुस्तकांत याचा अर्थ असा लावला गेला की कंपनी त्या तारखेच्या पहिल्या क्षणापासून जिवंत धरायची. म्हणजे मध्यरात्र. ज्योतिषांमधल्या एका गटाला हे आयतंच मिळालं, कायदाच म्हणतो रात्री बारा, मग कुंडली बाराची मांडा.

ऐकायला तर्कशुद्ध वाटतं पण कुंडली समोर घेऊन बसलं की घोळ लगेच कळतो. मध्यरात्री सूर्य पायाखाली असतो, त्यामुळे त्या कुंडलीत सूर्य कायम चतुर्थ, म्हणजे घर-जमिनीच्या भावाच्या आसपास येणार, बुध आणि शुक्र त्याच्यापासून फार लांब जात नाहीत म्हणून तेही तिथंच रेंगाळणार. एका वर्षातल्या हजार कंपन्या घ्या, सगळ्यांचा मालकवर्ग 'जागेशी आणि इमारतीशी जोडलेला' निघेल. तसंच ज्यांना वेळ माहीत नसते आणि जे सॉफ्टवेअरमध्ये दुपारचे बारा टाकून मोकळे होतात त्यांच्याकडे प्रत्येक कंपनीचा सूर्य दशम, म्हणजे सत्तेच्या भावाजवळ, मग लगेच वाक्य तयार, खंबीर नेतृत्व. हे कंपनीबद्दल काहीच सांगत नाही, घड्याळाबद्दल सांगतं. एखादी धंद्याची कुंडली दिसली की मी तरी आधी सूर्य कुठल्या भावात आहे ते बघतो, अगदी तळाशी किंवा अगदी माथ्यावर असेल तर वेळ कुठून आणली हे विचारल्याशिवाय पुढे वाचायचं नाही.

दुसरा गट विसाव्या शतकात, मुख्यतः अमेरिकेतल्या आर्थिक ज्योतिषातून आला. त्यांचं म्हणणं, शेअरचा पहिला सौदा झाला तो जन्म. याचा मोठा फायदा म्हणजे वेळ मिनिटापर्यंत नोंदलेली असते. (न्यूयॉर्कच्या बाजाराची स्वतःची कुंडली मात्र 17 मे 1792 च्या दलालांच्या करारावरून मांडतात आणि त्या कराराची वेळ कुठेच लिहिलेली नाही, म्हणून प्रत्येकाचं लग्न वेगळं, ही गंमतच.) पण पहिल्या सौद्यातही तीच मेख आहे. बाजार उघडतो ठरलेल्या वेळी, साधारण सकाळी साडेनऊ-दहाला, आणि त्या वेळी सूर्य बहुतेक अकराव्या किंवा बाराव्या भावात असतो. लाभात, म्हणजे अकराव्यात, सूर्य बघून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शिवाय ती कुंडली शेअरची आहे, धंद्याची नाही. तोवर कंपनीनं माणसं घेतलीत, कर्ज काढलंय, कधीकधी एक प्रॉडक्ट बुडवूनही झालंय.

वेळेचा हा फरक किती महागात पडतो ते दशेत, म्हणजे चंद्राच्या नक्षत्रावरून ठरणाऱ्या ग्रहांच्या पाळ्यांत दिसतं. समजा सर्टिफिकेटच्या दिवशी चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास भरणी नक्षत्रात शिरला. भरणीचा स्वामी शुक्र, महादशा 20 वर्षांची. चंद्राला एक नक्षत्र पार करायला ढोबळमानानं चोवीस तास आणि वर थोडी मिनिटं लागतात, म्हणजे जन्मवेळ एक तास पुढे सरकली की शुक्राच्या दशेतले सुमारे दहा महिने कमी होतात. आता मध्यरात्रीची कुंडली धरली तर कंपनीपुढे जवळजवळ पूर्ण 20 वर्षं शुक्र आहे. पण सर्टिफिकेटवरची डिजिटल सही दुपारी 4:40 ची असेल तर शुक्राची फक्त सव्वासहा वर्षं उरतात आणि सातव्या वर्षात रवीची दशा सुरू होते. कंपनी तीच, दिवस तोच, आणि एक ज्योतिषी आठव्या वर्षी म्हणणार शुक्र चालू आहे विस्तार करा, दुसरा म्हणणार रवी आहे सरकारी कामं सांभाळा. माणसाच्या कुंडलीत हॉस्पिटलचं घड्याळ दहा मिनिटं मागे असलं तरी याच हिशेबानं फरक पावणेदोन महिन्यांच्या आत राहतो.

अलीकडे डिजिटल सहीमुळे वेळ सेकंदापर्यंत मिळते, त्यामुळे वाद मिटला असं काहींना वाटतं. माझं मतही सहीच्या वेळेकडेच झुकतं, कारण निदान ती घडलेली वेळ आहे, मानलेली नाही. पण सहीच्या वेळेपुढे +05:30 लिहिलंय की Z हे बघायलाच हवं, Z म्हणजे जागतिक वेळ आणि ती स्थानिक समजून टाकली तर भारतीय कंपनीचं लग्न दोन-तीन राशी सरकतं. दुसरी अडचण जागेची. रजिस्ट्रेशनचं काम एका केंद्रात होतं आणि ऑफिस दुसऱ्या टोकाला असतं, रेखांशात 15 अंशांचं अंतर असेल तर लग्न साधारण अर्धी रास हलतं. बहुतेक जण नोंदणीकृत ऑफिसची जागा घेतात. आणि तिसरी म्हणजे जुळी भावंडं, एकाच मिनिटात एकाच केंद्रातून अनेक सर्टिफिकेटं निघतात. याला समाधानकारक उत्तर मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही, 'मालकांच्या कुंडल्या वेगळ्या असतात ना' हे उत्तर देतात, पण मग कंपनीची वेगळी मांडायचीच कशाला.

वाचण्यातला फरक यामानानं सोपा आहे आणि तो व्यक्तीच्या कुंडलीतून आलेलाच नाही, तो आला राज्याच्या कुंडलीतून. तिथं दशम म्हणजे राजा, म्हणून इथं मॅनेजमेंट. अकरावं हे दशमापासून दुसरं, म्हणजे राजाचा खजिना, म्हणून इथं नफा. सहावं नोकर, म्हणून कर्मचारी आणि आपल्याकडे सोबत कर्जही. सातवं पार्टनर आणि समोर उघड उभा असलेला स्पर्धक, दोन्ही. आठव्यात दुसऱ्यांचा पैसा, गुंतवणूकदार, विमा, टॅक्स. चंद्र म्हणजे मन नव्हे, गिऱ्हाईक. व्यक्तीची कुंडली वाचायची सवय असलेला माणूस इथं पाचव्यात संतती शोधत बसतो आणि फसतो.

आयुर्मर्यादेचे नियम तर जवळपास सोडूनच द्यावे लागतात. विंशोत्तरीचा, म्हणजे वरच्या सगळ्या दशांचा मिळून फेरा 120 वर्षांचा आणि कंपनीला मरायचं बंधन नाही, त्याहून जुन्या कंपन्या आहेत, मग फेरा पुन्हा पहिल्यापासून चालवायचा असं काही जण करतात. नाव बदललं तर कुंडली तीच, यावर साधारण एकमत आहे, कारण कायद्यानंही व्यक्ती तीच राहते. विलीनीकरणात मात्र दोन तट आहेत, टिकलेल्या कंपनीची जुनी कुंडली चालू ठेवणारे आणि विलीनीकरण लागू झालं त्या दिवसाची नवी मांडणारे. भविष्य हुकलं की या तटातून त्या तटात जाणारेही बरेच. त्याच जातीचा प्रकार म्हणजे मागच्या घटना जुळेपर्यंत जन्मवेळ सरकवणं, ज्याला रेक्टिफिकेशन म्हणतात. माणसाच्या बाबतीत त्याला पंधरा-वीस मिनिटांची हद्द असते, कंपनीत पाच उमेदवार तारखा आणि प्रत्येकीचे चोवीस तास हाताशी असल्यावर कुठलीही घटना जुळवता येते. म्हणून आधी तारीख-वेळ लिहून ठेवायची, मग पुढच्या घटना बघायच्या, ही शिस्त पाळणारे फार थोडे, आणि ती पाळून कंपन्यांच्या कुंडल्या खऱ्या ठरतात असं दाखवणारी एकही भक्कम चाचणी माझ्या वाचनात नाही.