वाचनीय करणे आणि सोपे करणे: कादंबरीच्या नमुना प्रकरणाचा इंग्रजी अनुवाद

मराठी कादंबरीचे पहिले प्रकरण नमुना म्हणून इंग्रजीत करून प्रकाशकाकडे पाठवायचे असते, तेव्हा अनुवादकाला मिळणारा सल्ला बहुधा एकच असतो: मजकूर वाचनीय झाला पाहिजे. सल्ला योग्य आहे, पण त्याच्या नावाखाली दोन वेगळी कामे केली जातात. एक म्हणजे मजकूर वाचनीय करणे, आणि दुसरे म्हणजे तो सोपा करणे. दोन्हींचा परिणाम पहिल्या नजरेला सारखाच दिसतो, कारण दोन्हींमुळे वाचक न अडखळता पुढे जातो. फरक आहे तो कोणता अडथळा दूर झाला, यात. मराठीतून इंग्रजीत येताना केवळ भाषा बदलल्यामुळे जो अडथळा नव्याने उभा राहिला, तो काढणे म्हणजे वाचनीय करणे. लेखकाने जाणूनबुजून ठेवलेला किंवा कथनाच्या स्वभावातच असलेला अडथळा काढणे म्हणजे सोपे करणे. पहिले काम अनुवादकाचे कर्तव्यच आहे. दुसऱ्याचा त्याला अधिकार नाही, आणि नमुना प्रकरणात तर ते फसवेही ठरते, कारण ज्याला मराठी वाचता येत नाही असा संपादक त्या वीस-पंचवीस पानांवरूनच लेखकाची शैली ठरवत असतो.

फरक नेमका दिसावा म्हणून उदाहरणापुरता एक परिच्छेद मी स्वतः रचला आहे. अशी सुरुवात असलेली एखादी कादंबरी आहे, असे समजू.

‘आप्पा गेले तेव्हा वाड्यात चूल पेटलेली नव्हती, कारण सकाळी नळाला पाणी आलेलं नव्हतं, आणि पाणी आलेलं नव्हतं म्हणून वहिनी रागावलेल्या होत्या, आणि वहिनी रागावल्या की आप्पांना चहा मिळत नसे, हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. चहा न घेताच गेले म्हणे. काकू म्हणाल्या, “बघ बाई, तुझ्या रागाला आता जागाच उरली नाही.” तेवढ्यात नळाला पाणी आलं. वहिनींनी पदर खोचला आणि त्या हंडे घेऊन खाली गेल्या.’

पहिले वाक्य लांब आहे, आणि नमुना तयार करणाऱ्याचा हात सर्वांत आधी तिथेच शिवशिवतो. त्याचे चार सुटसुटीत तुकडे केले तर इंग्रजी स्वच्छ वाटेल, असा विचार सहज येतो. परंतु हे वाक्य लांब आहे ते लेखकाला पूर्णविराम सापडला नाही म्हणून नव्हे. एका मृत्यूची बातमी सांगता सांगता कथन पाण्याकडे, पाण्यावरून रागाकडे आणि रागावरून चहाकडे घसरत जाते, आणि वाड्याची बोलण्याची रीत त्या घसरण्यातच आहे. मराठी वाचकालाही इथे एका दमात चालावे लागते. तुकडे केल्यास उरते ते केवळ निवेदन. इंग्रजीलाही अशी साखळी पेलते. ‘पाणी’ आणि ‘राग’ यांची पुनरुक्तीही ती सहन करते. म्हणून हे वाक्य तोडणे हे सोपे करणे झाले.

त्याच वाक्यात एक खरा भाषिक अडथळाही आहे. ‘पेटलेली नव्हती’, ‘आलेलं नव्हतं’, ‘रागावलेल्या होत्या’ ही पूर्ण भूतकाळाची रूपे मराठीत कानाला खटकत नाहीत, कारण ती क्रियापदाच्या शेवटी हळूच येऊन बसतात. इंग्रजीत मात्र प्रत्येक ठिकाणी ‘हॅड’ लिहावा लागतो, आणि तो एका वाक्यात चार वेळा आला की वाक्य खडखडू लागते. हा खडखडाट लेखकाचा नाही, तो अनुवादात तयार झालेला आहे. काळाचा क्रम पहिल्या एक-दोन क्रियापदांत स्पष्ट केला की उरलेली साध्या भूतकाळात चालतात आणि अर्थाला धक्का लागत नाही. हे वाचनीय करणे.

इथून एक कसोटी मिळते, आणि माझ्या अनुभवात ती बहुतेक ठिकाणी पुरते: इंग्रजी वाचक जिथे थांबेल असे वाटते, तिथे मराठी वाचकही थांबतो का? तोही थांबत असेल तर ती जागा तशीच ठेवावी. तो सहज पुढे जात असेल आणि इंग्रजी वाचक केवळ व्याकरणामुळे अडत असेल, तर ती जागा मोकळी करावी.

ही कसोटी ‘वहिनी’ या शब्दाला लावून पाहावी. वहिनी म्हणजे नेमके कोण, असा प्रश्न इंग्रजी वाचकाला पडेल हे उघड आहे, आणि म्हणून अनेक अनुवादक तिथे ‘आप्पांची पत्नी’ किंवा ‘भावजय’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द घालून मोकळे होतात. परंतु मराठी वाचकाला तरी ते कुठे कळले आहे? वाड्यात धाकट्या दिरांच्या तोंडचे ‘वहिनी’ पुढे शेजाऱ्यांच्या, भाडेकरूंच्या, कधी कधी तर पोटच्या मुलांच्याही तोंडी बसते. वहिनी ही आप्पांची बायको आहे, की भावजय, की सून, हे या परिच्छेदावरून मराठी वाचकालाही ठरवता येत नाही. लेखकाने राखून ठेवलेली ही माहिती अनुवादकाने पहिल्याच ओळीत फोडली, तर पुढच्या दहा पानांतली उत्सुकता त्यानेच खर्च करून टाकली. ‘वहिनी’ हे विशेषनामासारखे ठेवावे, आणि इंग्रजीत सर्वनाम येईल अशा ठिकाणीही एक-दोनदा पुन्हा वापरावे, म्हणजे निवेदकाच्या ‘त्या’ आणि ‘गेल्या’मधल्या आदराचा थोडा अंश तरी त्या नावावर पडतो. तो आदर आणि काकूंच्या ‘तुझ्या’मधली सलगी यांतला भेद इंग्रजीच्या सर्वनामांत नाहीसा होणार, हे मान्यच करावे लागते. त्याची भरपाई काकूंच्या बोलण्याच्या सुरात करावी, जादा शब्दांत करू नये.

‘गेले’ या क्रियापदाचा मामला याहून नाजूक आहे. तिथे ‘मरण पावले’ अशा अर्थाचा सरळ इंग्रजी शब्द टाकला की पहिले वाक्य एकदम स्पष्ट होते, परंतु ‘चहा न घेताच गेले म्हणे’ या वाक्यातला डंख बोथट होतो. मराठी वाचक पहिल्या वाक्यात क्षणभर साशंक असतो, कारण आप्पा घर सोडूनही गेले असतील. काकूंच्या बोलण्यापर्यंत ते नीट उमगते. इंग्रजीतले साधे ‘वेन्ट’ हेही मृत्यूसाठी सौम्यपणे वापरले जाते, आणि दोन्ही ठिकाणी तेच ठेवले तर डंख टिकतो. ‘म्हणे’साठी ‘अपॅरन्टली’ लिहिण्याचा मोह टाळावा. त्या शब्दात शहरी कोरडेपणा आहे, तर ‘म्हणे’मध्ये अख्खा वाडा बोलतो. ‘लोक म्हणतात’ अशा अर्थाचे दोन शब्दांचे उपवाक्य तिथे जास्त जवळचे ठरते.

आता कसोटी जिथे अपुरी पडते ती जागा. घरात कुणी गेले की त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे लोक पिठले-भात आणून देतात, ही रीत मराठी वाचकाला माहीत असते. म्हणून ‘चूल पेटलेली नव्हती’ वाचताच त्याला ते मृत्यूमुळे असावे असे वाटते, आणि पुढचे ‘कारण सकाळी नळाला पाणी आलेलं नव्हतं’ त्याला चकवते. परिच्छेदातला पहिला विनोद तो. मराठी वाचक इथे थांबत नाही, इंग्रजी वाचकही थांबणार नाही. मात्र एक हसेल आणि दुसऱ्याला काहीच जाणवणार नाही. अडथळा नसूनही काहीतरी हरवते, आणि असे हरवलेले शोधणे सर्वांत अवघड असते, कारण कोणताही परीक्षक त्यावर खूण करत नाही. वाक्यातच रीत समजावून सांगितली तर विनोद मरतो. तळटीप दिली तर नमुन्याच्या पहिल्याच पानावर वाचकाला खाली पाहायला लावल्यासारखे होते. मी इथे पुढे पाहतो. प्रकरणात दोन-तीन पानांनंतर शेजारच्या घरातून जेवण येत असेल, तर ‘आता आमची चूल पेटणार नव्हती म्हणून’ अशा आशयाचे अर्धे वाक्य तिथे घालावे, म्हणजे वाचकाला रीत कळते आणि सुरुवात मागाहून उलगडते. ही भर आहे हे विसरू नये, आणि ती लेखकाला दाखवूनच करावी. नाहीतरी अनुवादाचा हक्क १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ हक्कधारकाचा असल्यामुळे नमुना पाठवण्यापूर्वी त्याच्याशी बोलणे होतेच.

‘पदर खोचला’ला मात्र अशी कसरत लागत नाही. साडीचे टोक कमरेशी खोचल्याचे साध्या इंग्रजीत लिहावे. लगेच हंडे येतात आणि कृतीचा अर्थ आपोआप पोचतो. ‘बायका काम करताना करतात तसा’ ही पुस्ती कुणी जोडली, तर ते निव्वळ सोपे करणे.

मसुद्यात स्पष्टीकरण शिरले आहे की नाही, हे लांबीवरूनही ओळखता येते. मराठीत शब्दाला चिकटलेले प्रत्यय इंग्रजीत सुटे शब्द होतात आणि उपपदांची भर पडते, त्यामुळे इंग्रजी शब्दसंख्या मूळाहून वाढणे स्वाभाविक आहे. ही वाढ साऱ्या परिच्छेदांत साधारण सारख्या प्रमाणात असायला हवी. एखादाच परिच्छेद शेजाऱ्यांपेक्षा बराच फुगलेला दिसला, तर तिथे अनुवादक वाचकाच्या कानाशी लागून काहीतरी समजावतो आहे, असे धरून चालावे. समजावायचे ते नमुन्यासोबत जाणाऱ्या गोषवाऱ्यात किंवा अनुवादकाच्या टिपणात समजावता येते. त्यासाठीच ती कागदपत्रे असतात.

त्यानंतर मसुदा मराठी न येणाऱ्या एका चांगल्या वाचकाला द्यावा आणि जिथे तो अडला तिथे फक्त रेघ मारायला सांगावे. उपाय सुचवायला सांगू नये, कारण वाचकाने सुचवलेला उपाय बहुतेक वेळा सोपे करण्याचाच असतो. प्रत्येक रेघेपाशी मूळ उघडून वरची कसोटी लावावी. रेघांपैकी पुष्कळ क्रियापदांच्या काळापाशी, सर्वनामांपाशी आणि एका वाक्यात तीन माणसे आली की कोण बोलले याच्या गोंधळापाशी सापडतात, आणि त्या निःसंकोच दुरुस्त कराव्यात. ‘वहिनी’पाशी रेघ हमखास असेल. तिथे शब्द तसाच ठेवून टिपणात लिहावे की नाते मूळातही पुढेच उघड होते. संपादकाने तरीही आग्रह धरला, तर ‘घर चालवणाऱ्या वहिनी’ अशा अर्थाचे चार शब्द देता येतात: ते वाड्यातल्या कुणालाही दिसणारे आहेत, आणि नाते त्यांतून फुटत नाही.