किटलीचा आवाज कुठून आला?

पुण्यातल्या छोट्या स्टुडिओंमध्ये मुलांच्या गोष्टी रेकॉर्ड होताना एक गोष्ट हमखास दिसते. संहितेत छत्री, झाडू किंवा चहाची किटली बोलायला लागली, की कलाकार लगेच आवाज वरच्या पट्टीत नेतो. वस्तू म्हणजे बारीक, किनरा आवाज, हे जणू ठरूनच गेलं आहे. ही सवय फार जुनी नाही. तिच्या आधीच्या लोकांनी वस्तूला बोलतं करण्याचे याहून कितीतरी चांगले मार्ग शोधले होते, म्हणून मागचं थोडं बघायला हवं.

राजस्थानी कठपुतळीचा खेळ पाहिलेल्यांना तो चिरका, शिट्टीसारखा आवाज आठवत असेल. खेळ करणारा बांबू आणि चामड्याची एक छोटी पट्टी तोंडात धरतो, तिला बोली म्हणतात. स्वरयंत्राऐवजी ती पट्टी थरथरते, त्यामुळे सूर आणि लय ऐकू येते, पण व्यंजनं धड उमटत नाहीत. मग ढोलकीवर बसलेली व्यक्ती बाहुली काय म्हणाली ते प्रेक्षकांना परत सांगते. इंग्लंडमधल्या पंच नावाच्या बाहुल्याच्या खेळातही असंच एक साधन तोंडात धरतात. म्हणजे शब्द एकाकडे आणि आवाज दुसऱ्याकडे, अशी सरळ वाटणी होती. त्या बाहुलीला शब्दांशिवायही रागावता येतं आणि लाडात येता येतं, कारण चढ-उतार आणि लय पक्की असते. माझ्या मते वस्तूच्या आवाजाचा खरा पाया हाच आहे.

आपल्याकडे शब्दभ्रमाची परंपरा ठळक झाली ती यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्यामुळे, आणि पुढे रामदास पाध्ये यांनी त्याला घराघरांत नेलं. शब्दभ्रमात अडचण वेगळी असते. ओठ हलवायचे नाहीत, म्हणून प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरं नीट म्हणता येत नाहीत. कलाकार मग ‘ब’च्या जागी ‘द’कडे झुकणारा आणि ‘म’च्या जागी ‘न’कडे झुकणारा आवाज काढतो, किंवा ती अक्षरं असलेले शब्दच टाळतो. ‘बाबा, मला पापड’ हे वाक्य त्याच्यासाठी सगळ्यात वाईट, ‘काका, दे की चकली’ त्या मानाने सोपं. पात्राची शब्दसंपत्ती अशी तोंडाच्या मर्यादेतून घडते, आणि मग ते पात्र ठराविक शब्द वापरणारं म्हणून ओळखू येऊ लागतं.

१९५३ मध्ये आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं. तिथे निवेदिका म्हणून सुरुवात केलेल्या साई परांजपे यांनी मुलांचे कार्यक्रमही केले. रेडिओत बाहुली दिसत नाही. किटली बोलते आहे हे फक्त कानाला कळायला हवं, आणि मायक्रोफोन इतका जवळ असतो की श्वासही ऐकू जातो. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज इथे कामाचा नाही. कुजबुज, फुत्कार, जिभेची टकटक असे बारीक आवाज आता वापरता येऊ लागले.

मग ती किनरी सवय आली कुठून? मुख्यतः टेपमधून. रॉस बागडासारियन या अमेरिकन गायकाने १९५८ साली सावकाश बोललेलं, गायलेलं रेकॉर्ड करून दुप्पट वेगाने वाजवलं आणि चिपमंक नावाच्या गाणाऱ्या खारींचे आवाज तयार केले. वेग दुप्पट झाला की सूर एक सप्तक वर जातो, पण तेवढंच होत नाही. घसा आणि तोंड यांच्या पोकळीमुळे आवाजाला जे वळण मिळतं, तेही वर सरकतं. प्रौढ पुरुषाची ही पोकळी साधारण १७ सेंटिमीटर लांब असते. दुप्पट वेगात ती साडेआठ सेंटिमीटरची असल्यासारखी वाटते, म्हणजे जवळजवळ तान्ह्या बाळाएवढी. म्हणून ऐकणाऱ्याच्या मनात एक इवलासा जीव उभा राहतो. खारीला ते शोभतं, किटलीला नाही. किटलीला घसाच नाही!

याआधीच एक उलटा प्रयोग झाला होता. गिल्बर्ट राइट याच्या सोनोव्हॉक्स यंत्रात दोन छोटे ध्वनिक्षेपक गळ्याला लावायचे, त्यांतून रेल्वेचा किंवा वाद्याचा आवाज सोडायचा, आणि माणसाने स्वतःचा आवाज न काढता फक्त तोंड हलवायचं. १९४१ च्या ‘डम्बो’ चित्रपटातली आगगाडी अशी बोलली. इथे आवाज वस्तूचा होता आणि माणसाने दिले ते फक्त उच्चार. मला ही दिशा जास्त पटते, आणि ती यंत्राशिवायही पाळता येते. त्यासाठी ती वस्तू काम करताना नीट ऐकावी लागते.

किटलीचंच घेऊ. गॅसवर ठेवलेलं पाणी सगळ्यात जास्त आवाज करतं ते उकळण्याच्या आधी. तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि वरच्या थंड पाण्यात फुटून विरतात, त्याची ती सूं-सूं. पूर्ण उकळी आली की आवाज खाली येतो, जाड आणि गोल होतो. कलाकार मात्र उकळीला किंचाळतात. खऱ्या किटलीची कुरकुर आधी असते आणि उकळी आल्यावर ती समाधानाने बोलते.

ओततानाही तसंच. कप भरत जातो तशी वरची हवेची जागा कमी होते आणि आवाज चढत जातो. म्हणून चहा ओतणाऱ्या किटलीचं प्रत्येक वाक्य खालून सुरू होऊन वर संपायला हवं: ‘घे… अजून घे… पुरे, पुरे!’ आणि कप बदलला की पुन्हा खालून. झाकणाला बारीक भोक असतं, त्यातून हवा आत जाते म्हणून धार सलग पडते. ते भोक बुजलं की चहा गुडुक गुडुक करत अडखळतो. घाबरलेली किंवा लाजलेली किटली दाखवायची असेल तर हे अडखळणं तयारच आहे: ‘मी… मी सांड… सांडलं नाही.’ तोतरेपणाची नक्कल करायची गरजच पडत नाही.

शब्दांचं म्हणाल तर किटलीने तेवढंच बोलावं जेवढं तिला ठाऊक असेल. ‘माझे पाय दुखतात’ नको, ‘बूड तापलंय’ म्हणावं. वेळ ती घड्याळात मोजणार नाही, ‘दोन उकळ्या झाल्या, अजून कुणी उठलं नाही’ म्हणेल. पुण्याच्या अमृततुल्यातली असेल तर वेलची कुटण्याची ठक-ठक ती रोज ऐकते, तिची बडबड त्या ठेक्यावर बसवता येते. एक ठेका आणि आठ-दहा ठराविक शब्द एवढ्यावर पात्र उभं राहतं.

हे जमलं की नाही ते कळायला एक साधी चाचणी आहे. निवेदन काढून फक्त किटलीची चार वाक्यं कुणाला तरी ऐकवा. ‘ही छोटी मुलगी कोण?’ असं विचारलं तर आवाजाची पट्टी चढण्याखेरीज काहीच घडलेलं नाही. ‘काहीतरी ओततंय का?’ असं विचारलं तर लय लागू पडली.

दुसरी अडचण मोठ्या गोष्टींत येते. ताणून धरलेला वरचा आवाज दमतो आणि चौथ्या-पाचव्या प्रकरणापर्यंत किटली आपोआप दोन स्वर खाली येते. म्हणून पहिल्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमधलं एक वाक्य जपून ठेवावं आणि दर वेळी बसण्याआधी तेच ऐकून, तसंच म्हणून मग सुरुवात करावी. आता संगणकावर सूर आणि पोकळीचं वळण वेगवेगळं हलवता येतं, त्यामुळे आवाज लहान न करता धातूसारखा करणंही शक्य झालंय. मात्र किटली कुठे थांबते आणि कुठे चढते हे कलाकाराला म्हणतानाच ठरवावं लागतं, ते नंतर घालता येत नाही.