ऑर्डर दुकानदाराने रद्द केली, की तुमच्याकडून करवून घेतली?

समजा, ॲपवर 3,200 रुपये भरून मिक्सर मागवलाय. दुसऱ्या दिवशी फोन येतो: "ताई, दुकानातून बोलतोय. कंपनी कमिशन फार कापते हो. तुम्ही ऑर्डर कॅन्सल करा, या नंबरवर 2,900 जीपे करा, आजच कुरिअर करतो."

कमिशनचं गाऱ्हाणं खरंही असेल. पण माल संपला म्हणून दुकानदाराने ऑर्डर रद्द करणं वेगळं, आणि हे वेगळं. माल नसेल तर तो आपल्या बाजूने रद्द करतो. त्याला तुमची गरज लागत नाही, पैसे आपोआप परत येतात आणि ते रद्द करणं त्याच्या खात्यावर मोजलं जातं. अमेझॉनवर तर पाठवण्याआधी रद्द केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. तुम्ही मात्र "विचार बदलला" हे कारण निवडून रद्द केलीत, तर तो डाग त्याला लागत नाही. म्हणून एवढी गोडी.

खरी गोम पैशात आहे. ॲपवर भरलेले 3,200 लगेच दुकानदाराला मिळत नाहीत. वस्तू पोचेपर्यंत, बरेचदा त्यानंतरही काही दिवस, ते मधे थांबलेले असतात. मिक्सर आलाच नाही किंवा फुटका आला, तर तुमचा दावा त्याच पैशांवर असतो. 2,900 मात्र पिन टाकल्याबरोबर त्याच्या खात्यात जातात. तो व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलेला असतो, त्यामुळे पैसे परत मिळवणं अवघड. ॲपकडे तक्रार करावी, तर तिथे ऑर्डर तुम्हीच रद्द केलेली. परत करायचं बटणही नाही. शिवाय 3,200 परत येईपर्यंत तुमचे 6,100 अडकलेले, तेही 300 रुपये वाचवायला!

दुकानदार प्रामाणिक असला तरी हे गणित बदलत नाही. आणि फोनवरचा माणूस दुकानदारच आहे, हे तरी कशावरून? यूपीआयवर दिसणारं नाव ॲपवरच्या दुकानाच्या नावाशी जुळतं का, ते पाहा. न जुळणं हा धोक्याचा इशारा. पण जुळलं म्हणजे निर्धास्त झालात असं नाही.

यात एक गफलत होते: दारात क्यूआरवर पैसे देणंही असंच बाहेरचं वाटतं. कॅश ऑन डिलिव्हरीला दारात आलेला मुलगा ॲपचा क्यूआर दाखवतो, ते पैसे प्लॅटफॉर्मच्या आतलेच. ऑर्डर जिवंत असते, रक्कम तिच्यावर नोंदली जाते. पैसे दिल्यावर ॲपमध्ये ऑर्डर उघडून खात्री करा.

फोनवाल्याला एवढंच म्हणा: "दादा, जमत नसेल तर तुमच्याकडून रद्द करा." मग त्याचा मेसेज किंवा नंबर ॲपच्या मदत विभागात त्याच ऑर्डरखाली कळवा. पैसे आधीच गेले असतील, तर चॅट पुसू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोचली, तर ती गोठवता येण्याची शक्यता असते.