टेप मारूनही जॉइंट झिरपतो तेव्हा आत नक्की काय झालेलं असतं

नवीन अँगल कॉक बसवला, आट्यांवर टेफ्लॉन टेप मारली, पान्याने आवळला, पाणी चालू केलं, सगळं कोरडं दिसलं. तासाभराने जॉइंटच्या खालून बोट फिरवलं तर ओल लागते. धार नाही, टपटपही नाही, फक्त एक थेंब हळूहळू फुगत जातो आणि कधीतरी पडतो. वीस सेकंदांना एक थेंब धरला आणि वीस थेंबांचा एक मिलीलीटर धरला तरी दिवसाला दोनशे मिलीलीटरच्या वर पाणी जातं, आणि ते भिंतीच्या आतल्या बाजूला उतरत असेल तर महिनाभरात खालच्या मजल्यावरचे लोक बेल वाजवायला येतात. अशा वेळी बहुतेक जण एकतर अजून आवळतात नाहीतर अजून टेप गुंडाळतात, आणि दोन्हीने कधी फरक पडतो, कधी काम आणखी बिघडतं. का ते कळायला आधी पाणी येतं कुठून ते बघायला लागेल.

आटे एकमेकांत बसले की घट्ट बंद होतात असं आपल्याला वाटतं, पण तसं होत नाही. बाहेरच्या आट्याचं टोक आणि आतल्या आट्याची खोबण यांच्यामध्ये बारीकशी जागा उरतेच, कारण कुठलाही आटा इतका तंतोतंत कापला जात नाही. ही उरलेली फट आट्यांबरोबर गोल गोल फिरत आतून बाहेरपर्यंत सलग जाते, जुन्या चाळींच्या मागे सफाईसाठी गोल लोखंडी जिना असायचा तशी. अर्ध्या इंची पाइपच्या आट्याचा एक फेरा साधारण बासष्ट मिलीमीटरचा, आणि पाच फेरे आत गेले असतील तर पाण्याला बाहेर यायला जवळजवळ फूटभर लांबीचा रस्ता मिळतो. टेपचं, धाग्याचं, सीलंटचं काम एकच, हा फूटभर रस्ता कुठेतरी पूर्ण बुजवायचा.

पाइपचे खरे आटे टेपर असतात, म्हणजे टोकाला बारीक आणि मागे जाड. आपल्याकडे जे माप चालतं त्यात १६ मिलीमीटर लांबीला व्यास १ मिलीमीटरने वाढतो. अर्ध्या इंचीत एका इंचाला १४ आटे, म्हणजे एक पूर्ण फेरा आवळला की आटा १.८ मिलीमीटर पुढे सरकतो आणि एका बाजूची फट साधारण ०.०५७ मिलीमीटरने कमी होते. बाजारातली नेहमीची पांढरी टेप ०.०७५ मिलीमीटरच्या आसपास जाड असते. फट आणि टेप दोन्हीची जाडी अशी सारख्याच पातळीवरची आहे, म्हणून एक-दोन वेढे कमी-जास्त झाले की फरक लगेच जाणवतो.

टेप हा गोंद नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. ती पीटीएफईची असते, १९३८ साली रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडलेला हा पदार्थ, आणि त्याला जवळजवळ काहीच चिकटत नाही. टेप दोन कामं करते, आटे निसरडे करते म्हणजे पाना सोपा फिरतो आणि जॉइंट जास्त खोल जातो, आणि दाबली गेली की मऊ असल्यामुळे फटीत पसरते. पण ती रबरासारखी परत फुगत नाही. एकदा दाबून पातळ झाली की तशीच राहते.

म्हणून आवळल्यावर उलटं फिरवणं हे झिरपण्याचं नेहमी आढळणारं कारण आहे, आणि अँगल कॉकमध्ये तर ते ठरलेलंच. कॉकचं तोंड खाली यायला पाहिजे, आवळता आवळता ते थोडं पुढे निघून जातं, मग सरळ दिसावं म्हणून पाव फेरा मागे घेतात. पाव फेऱ्याने फट फक्त ०.०१४ मिलीमीटरने उघडते, डोळ्याला काहीच दिसत नाही, पण टेप तेवढीही परत भरून काढत नाही आणि पाण्याला तेवढं पुरतं.

लालबागला आमच्या ओळखीच्या एका काकूंकडे गीझरच्या थंड पाण्याच्या लाईनवर असाच एक जॉइंट झिरपत होता. कॉक बसवणारा म्हणाला, "काकू, रात्रभर राहू द्या, सकाळपर्यंत आपोआप बंद होईल." यात तो खोटं बोलत नव्हता, धागा आणि सफेदा लावायच्या जमान्यात हे खरंच व्हायचं, कारण तागाचा धागा पाणी पिऊन फुगतो आणि फट बंद करतो. जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपात तर गंजही मदतीला यायचा. टेफ्लॉन पाणी अजिबात शोषत नाही, त्यामुळे ती फुगायचा प्रश्नच नाही. सकाळी काकूंनी फडकं ठेवलं होतं ते ओलं होतं, उलट जरा जास्तच, कारण रात्री कोणी नळ उघडत नाही तेव्हा गच्चीवरच्या टाकीचा पूर्ण दाब लाईनवर असतो, दहा मीटर उंचीला साधारण एक बार. सकाळी सगळ्या घरांत पाणी चालू झालं की दाब थोडा उतरतो आणि गळती कमी झाल्यासारखी वाटते.

उघडायच्या आधी पाणी नक्की कुठून येतंय ते बघितलं. कॉकच्या दांड्याच्या मुळाशी असलेल्या ग्लँडमधून गळत असेल तरी पाणी खाली ओघळून जॉइंटवरच थेंब धरतं आणि लोक उगाच आटे उघडत बसतात. सगळं पुसून कोरडं करायचं, टिश्यू पेपरची एक बारीक पट्टी दांड्याच्या मुळाशी गुंडाळायची, दुसरी जॉइंटच्या कडेला, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. जी आधी ओली होईल तिथून गळती. काकूंकडे जॉइंटची पट्टी भिजली, वरची कोरडी राहिली.

मग गीझरचं बटण बंद, लाईनचा मेन कॉक बंद, खालचा नळ उघडून दाब काढून टाकला आणि कॉक सोडवला. कॉक हातात आल्यावर टेपकडे नीट बघायचं, पुसून टाकायची घाई करायची नाही, कारण सगळी हकीकत तिथे लिहिलेली असते. इथे पुढच्या तीन आट्यांवर टेप नव्हतीच, चकचकीत क्रोम दिसत होतं, आणि सगळी टेप मागे कॉलरपाशी वळकटी होऊन गोळा झालेली. म्हणजे टेप आट्यात बसून कापली गेली नव्हती, गुळगुळीत क्रोमवरून घसरून मागे ढकलली गेली होती. टेप उलट्या दिशेने गुंडाळली तरी साधारण असंच दिसतं, कारण आवळताना तिचं टोक उचकटतं आणि ती उलगडत जाते. याच्या उलट टेपवर आट्यांचे ठसे सगळीकडे व्यवस्थित उमटलेत पण एका जागी आडवी रेघ कापलेली आहे असं दिसलं, तर समोरच्या आट्यात कुठेतरी ओरखडा किंवा कचरा आहे.

आधी दोन्ही बाजूंचे जुन्या टेपचे तुकडे काढले, कॉक ज्यात बसतो त्या भिंतीतल्या एल्बोच्या आत जुन्या टूथब्रशने, कारण एक गुठळी राहिली तरी नवी टेप तिच्यावर उचलली जाते. मग क्रोमच्या आट्यांवर हॅकसॉ ब्लेडने आडवे हलके ओरखडे काढले, आटा कापायचा नाही, फक्त टोकं खरखरीत करायची म्हणजे टेप धरून राहते. त्यानंतर टेप न लावता कॉक हाताने फिरवून बघितला, किती फेऱ्यांत अडतो आणि अडतो तेव्हा तोंड कुठे असतं ते मार्करने भिंतीवर खूण करून ठेवलं. हे दोन मिनिटांचं काम बहुतेक कोणी करत नाही आणि पुढचा सगळा हिशोब याच्यावर असतो.

टेप लावताना आट्याचं टोक आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचं. टोकाचा पहिला आटा मोकळा सोडायचा, नाहीतर टेपचे धागे पाण्यात जाऊन पुढे शॉवरच्या किंवा नळाच्या जाळीत अडकतात. टेप ताणून, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत, इतकी घट्ट की खालचे आटे तिच्यातून उठून दिसले पाहिजेत. आपल्याकडची पातळ टेप असेल तर अर्ध्या इंचीला सात-आठ वेढे ठीक, जाड दाट टेप असेल तर तीन-चार पुरतात. पंचवीस-तीस वेढे मारलेले जॉइंट मी बघितलेत, त्यात आटे दोनच आत जातात, कॉक टेपच्या गादीवर बसलेला असतो आणि रोज उघड-बंद करताना डुलत राहतो.

काकूंच्या कॉकला आठ वेढे मारले आणि वरून न सुकणाऱ्या थ्रेड सीलंट पेस्टचा पातळ हात फिरवला, पुढच्या आट्यांवर जास्त, मागे कमी. हाताने तीन फेरे गेला, मग पान्याने जेमतेम दीड, आणि पुढे जात असतानाच तोंड खाली आलं तिथे थांबवला. तोंड जागेवर यायच्या आधीच फार जड झालं असतं तर काढून दोन वेढे कमी करून पुन्हा लावला असता, जागेवर येऊनही सैल वाटला असता तर दोन वेढे जास्त. मागे मात्र घ्यायचा नाही, मागे घेतला तर सगळी टेप काढून नव्याने सुरुवात, मधला मार्ग नाही.

सीलंट घेताना डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. हवा बंद झाल्यावर घट्ट होणारा जो लिक्विड थ्रेड सीलंट मिळतो तो धातूच्या आट्यांसाठी असतो, त्याला कडक व्हायला धातूचा स्पर्श लागतो, म्हणून त्याच्याखाली टेप मारली तर तो नीट पकडत नाही, आणि प्लॅस्टिकवर लावला तर काही प्लॅस्टिकला चिरा पाडतो. जुना सफेदा शिशाचा असायचा, तो पिण्याच्या पाण्याच्या लाईनवर नकोच.

सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लॅस्टिकचा, आतल्या आट्यांचा सॉकेट असेल तर आत पितळेचे आटे बसवलेलाच घ्या. नुसत्या प्लॅस्टिकच्या सॉकेटमध्ये टेपर धातूचा आटा पाचरीसारखा शिरतो, टेप निसरडी असल्यामुळे हाताला जोर कळत नाही, सॉकेट त्या दिवशी काही करत नाही आणि काही आठवड्यांनी उभा चिरतो. मग ती गळती टेपने थांबत नाही, सॉकेटच बदलावा लागतो.

बऱ्याच बाथरूम फिटिंगचे आटे टेपर नसून समांतर असतात, पट्टी टेकवून बघितली की कळतं. त्यात पाचर बसतच नाही, फट शेवटपर्यंत सारखीच राहते, त्यामुळे तिथे वेढे जास्त लागतात आणि टेपवर पेस्ट असलेली बरी. आणि कॉकपासून गीझरला जाणारा जो लवचिक कनेक्शन पाइप असतो त्याच्या नटाला टेप मारूच नका. तिथे पाणी अडवतो तो आतला रबरी वॉशर, आट्यांचं काम फक्त त्याला दाबून धरायचं. तिथे टेप मारली की नट जड फिरतो, आवळला असं वाटतं आणि वॉशर अर्धाच दाबलेला राहतो. तिथून गळलं तर वॉशर बदला, तो पाच-दहा रुपयांचा असतो.

काकूंकडे गीझर दोनदा तापवून गार झाल्यावर टिश्यूची पट्टी पुन्हा लावली, कारण पितळ आणि सीपीव्हीसी वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, सीपीव्हीसी पितळेच्या तिप्पट, आणि गार असताना कोरडा राहिलेला जॉइंट गरम-गार झाल्यावर झिरपू शकतो. रात्रभर ठेवून सकाळी काढली, तोपर्यंत पट्टी कोरडीच होती.