बारचा पाय शून्यावरच का हवा: या नियमामागची गोष्ट

स्लाइडवर चार बार आहेत, ९३, ९४, ९५, ९६, आणि शेवटचा बार पहिल्याच्या अडीचपट उंच दिसतोय. आकडे सगळे खरे आहेत, फक्त अॅक्सिस ९१ पासून सुरू झालीये. पहिला बार २ उंच, शेवटचा ५, म्हणजे डोळ्याला १५० टक्के वाढ दिसते आणि प्रत्यक्षात वाढ आहे जेमतेम ३.२ टक्के.

बार चार्ट आपल्याला विल्यम प्लेफेअरने दिला, १७८६ मध्ये. गंमत म्हणजे तो नाइलाजाने काढला होता. स्कॉटलंडच्या व्यापाराचे एकाच वर्षाचे आकडे त्याच्या हाताशी होते, मग काळानुसार रेघ काढणार कशी, म्हणून प्रत्येक देशापुढे आयात-निर्यातीच्या पट्ट्या काढल्या. पट्टीची लांबी म्हणजेच आकडा, सगळा अर्थ त्या लांबीतच. त्यामुळे खालून पट्टी कापली की रेघेचं एक वेळ चालून जातं, पण बारचं गणितच मोडतं.

पुढे १९१५ मध्ये अमेरिकेत ब्रिंटनच्या अध्यक्षतेखालच्या एका समितीने आलेखांचे नियम छापले. त्यात होतं की जमेल तिथे शून्याची रेघ दिसू द्या, आणि जमत नसेल तर अॅक्सिस तोडलीये हे खूण करून दाखवा. दुसरा भाग आपण सोयीस्कर विसरलो.

१९८३ मध्ये एडवर्ड टफ्टीने खोटेपणा मोजायचं साधंसं माप दिलं: चित्रात दिसणारा बदल भागिले आकड्यांतला बदल. १ च्या आसपास आलं तर ठीक. त्याचं गाजलेलं उदाहरण गाड्यांच्या मायलेजचं आहे, गॅलनला १८ मैलांवरून २७.५, म्हणजे ५३ टक्के वाढ, पण चित्रात रेघा ७८३ टक्क्यांनी वाढलेल्या, माप आलं १४.८. आपल्या वरच्या चार बारचं काढा, १५० भागिले ३.२, साधारण ४७! आणि यात कुणी मुद्दाम काही केलेलंही नाही, एक्सेलची ऑटो सेटिंगच तशी आहे: सगळ्यात मोठ्या आणि लहान आकड्यातला फरक मोठ्याच्या एक षष्ठांशाहून कमी असला की अॅक्सिस आपोआप शून्य सोडून वर सरकते. म्हणून मी आधी अॅक्सिसवरचे आकडे हाताने झाकतो, नुसत्या उंचीवरून 'किती पट?' असं विचारतो, आणि मग टेबलशी ताडून बघतो. जुळलं नाही तर Format Axis मध्ये Minimum ला 0 टाइप करायचा. Maximum मात्र शक्यतो ऑटोच ठेवतो, नाहीतर पुढच्या महिन्यात मोठा आकडा आला की बार वरून कापला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

शून्यावर आणल्यावर चारही बार सारखेच दिसतात, अशी तक्रार येतेच. मग तो ३ टक्क्यांचा फरकच महत्त्वाचा असेल तर बार सोडा, रेघ काढा. तापाचा आलेख कुणी शून्य अंशापासून काढत नाही, तसा काढला तर ३७ आणि ३९ मधला फरक दिसणारच नाही.